दुसरीच्या वर्गात लोहचुंबक: अंदाजाच्या तक्त्यात या चुका टाळा

चुंबकाचा तास फसला हे मुलांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. हातात चुंबक आला की दुसरीतलं मूल खूशच असतं. मला कळलं ते तक्ते गोळा करून लोकलमध्ये चाळायला घेतले तेव्हा. 40 मुलं, कोणती वस्तू चुंबकाला चिकटेल याचे प्रत्येकाचे 8 अंदाज, आणि एकाचाही एक अंदाज चुकलेला नाही! कागद उजेडात धरला तर पेन्सिलीच्या खुणांखाली आधीच्या खुणा खोडलेल्या दिसत होत्या. स्टीलच्या चमच्याच्या ओळीत तर कागद खोडून खोडून झिजला होता.

मुलांनी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. पहिलीपासून वहीत चुकलं की खोडायचं, हे आपणच शिकवतो. त्यात मी तक्त्यात चिकटेल त्याला ✓ आणि चिकटणार नाही त्याला ✗ अशी खूण ठरवली होती. म्हणजे खोडरबरासमोर ✗ काढणाऱ्या मुलाला वाटतं, आपलं उत्तर चूक आहे. दोन चुका एकात एक मिसळल्या.

आता मी खूणच बदलली आहे. चिकटेल असं वाटलं तर घोड्याच्या नालेसारखा चुंबक काढायचा, नाही वाटलं तर मोकळा गोल. अंदाजाचा रकाना तेलखडूने भरायचा, कारण तो नीट खोडता येत नाही. पेन्सिली तेव्हा दप्तरात. सगळ्यांचा रकाना भरून झाला की कागद त्या रकान्याच्या रेघेवर मागे दुमडायचा आणि मगच मी चुंबक बाहेर काढते. चुंबक आधी बाकावर ठेवले तर अंदाज होतच नाही. मुलं बाकाखाली चाचणी उरकून घेतात, आणि बाकाचा लोखंडी पाय तर पहिल्या मिनिटातच सापडतो. ‘करून पाहिलं’ हा दुसरा रकाना पेन्सिलीने भरायचा. शेवटी कागद उलगडला की दोन्ही रकाने शेजारी येतात आणि न जुळणाऱ्या ओळींभोवती मूल स्वतः रंगीत चौकट काढतं. तिथे लाल पेन मी उचलत नाही. लाल पेन फिरलं की पुढच्या वेळी सगळा वर्ग शेजारच्याचा अंदाज उतरवतो.

वस्तू निवडताना होणारी चूक

खिळा, यू-पिन, पेन्सिल, खोडरबर, कागद, प्लॅस्टिकचं झाकण. ही यादी नेहमीची आणि निरुपयोगी. यातून मूल एवढंच शिकतं की धातू चिकटतो, बाकीचं नाही, आणि ते चुकीचं आहे. चुंबक लोखंडाला ओढतो, निकेल आणि कोबाल्टलाही ओढतो. पण तांबं, पितळ, ॲल्युमिनियम यांना ओढत नाही. त्यामुळे यादीतल्या निम्म्या तरी वस्तू धातूच्या हव्यात आणि त्यातल्या काही न चिकटणाऱ्या हव्यात.

मला सगळ्यात कामाची वाटते ती नाण्यांची जोडी: रुपयाचं पांढरं नाणं आणि पाच रुपयांचं पिवळं. दोन्ही धातूची, दोन्ही मुलांच्या ओळखीची. रुपया चटकन चिकटतो, कारण तो चुंबकाला दाद देणाऱ्या स्टीलचा आहे. पिवळं पाचचं नाणं पितळेच्या जातीचं, ते हलतही नाही. पाचची काही जुनी नाणी स्टीलची आहेत आणि ती चिकटतात, म्हणून पिवळंच घ्या आणि घरी लावून पाहून आणा. डब्यातला पोळीचा फॉइल-कागदही यादीत घ्या. तो इतका चकाकतो की बहुतेक मुलं ‘चिकटेल’ म्हणतात आणि फसतात.

टोकयंत्र मात्र पहिल्या फेरीत नको. प्लॅस्टिकचं टोकयंत्र पात्याच्या बाजूने चिकटतं, मागून नाही. एका गटाने चुंबक काढला, दुसऱ्याने गोल, आणि दोघंही खरं बोलत होते. अशी वस्तू शेवटी द्या आणि विचारा, ‘नेमकं कुठे चिकटलं?’

स्टीलच्या चमच्याचा घोळ

माझा तास जिथे अडला तो हा चमचा. तक्त्यावर नुसतं ‘चमचा’ लिहिलं होतं आणि आठ गटांना मी घरातलेच आठ चमचे दिले होते. पाच गटांचे चिकटले, दोघांचे नाही. आठव्या गटाची मुलगी म्हणाली, “बाई, दांड्याला थोडंसं चिकटतं आणि मग पडतं.” मी म्हटलं, चुंबक नीट धर. चूक माझी होती, ती बरोबर बघत होती.

स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंडच जास्त असतं. पण त्यात निकेल किंवा मँगनीज पुरेसं मिसळलं की आतली अणूंची रचना बदलते आणि चुंबक त्याला ओढेनासा होतो. तेच स्टील थंड असताना ठोकलं, वाकवलं, दाबलं की त्या जागी रचना पुन्हा थोडी बदलते आणि हलकीशी ओढ येते. म्हणून वाकवलेला दांडा किंवा डब्याची काठ जरा धरते आणि सपाट तळ धरत नाही. हे दुसरीत सांगायचं नाही. तिथे ‘सगळं स्टील सारखं नसतं’ एवढं पुरतं. फक्त चमचे आधी तपासून घ्या आणि एक चिकटणारा, एक न चिकटणारा अशी जोडी करून दांड्यांवर नेलपॉलिशचे वेगवेगळे ठिपके द्या. तक्त्यावरही ‘लाल ठिपक्याचा चमचा’ असंच लिहा.

फ्रीजवर लावायचे पातळ शोभेचे चुंबक या कामाला वापरू नका. त्यांची ओढ इतकी कमी असते की जड वस्तू ‘चिकटत नाही’ असं खोटं उत्तर मिळतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळतात तसले काळे गोल फेराइटचे, दोन रुपयांच्या नाण्याएवढे किंवा मोठे घ्या. चकचकीत छोटे निओडिमियमचे चुंबक वर्गात आणूच नका. दोन गिळले गेले तर ते पोटात आतड्याच्या भिंती मध्ये धरून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं.

‘चिकटतं’ या शब्दाचा गोंधळ

आपल्याकडे गोंद चिकटतो, टिकली चिकटते, पावसात ओला रेनकोटही अंगाला चिकटतो. म्हणून खोडरबर चुंबकावर ठेवून एखादं मूल म्हणतं, “चिकटलं की!” कसोटी ठरवून द्या: चुंबक वर, वस्तू खाली, हात सोडायचा. जड वस्तू असेल तर चुंबक दोऱ्याने टांगून जवळ न्यायचा आणि तो तिच्याकडे झुकतो का ते पाहायचं. मी तर आता ‘ओढतो का?’ असंच विचारते.

आणखी एक फसगत यू-पिनांची. चुंबकाला लागलेली पिन दुसरीला ओढते, ती तिसरीला. त्या माळेत मध्येच पितळी पिन अडकली तर तीही ‘चिकटणारी’ ठरते. एका वेळी एकच वस्तू तपासायची.

मुंबईच्या दमट हवेत गंजलेला खिळा मात्र मुद्दाम जपून ठेवा. गंजलाय म्हणून चिकटणार नाही, असं बरीच मुलं म्हणतात. आतलं लोखंड शाबूत असेपर्यंत तो चिकटतो.

तास खरंच जमला का, हे मी शेवटच्या पाच मिनिटांत पाहते. कोऱ्या चिठ्ठीवर एकाच नव्या वस्तूचा अंदाज: कुलपाची पिवळी किल्ली. धातू म्हणजे चिकटणारच, असं सुरुवातीला म्हणणाऱ्या मुलाने आता पिवळ्या नाण्याकडे एकदा बघून गोल काढला, की मी चुंबक गोळा करायला घेते.