पियानो शिक्षकांना पहिलं पत्र लिहिताना या चुका टाळा

"मला पियानोची लहानपणापासून आवड आहे. थोडंफार येतं. वेळ कुठलीही चालेल." मोठेपणी शिकायला निघालेल्या बहुतेकांचं पहिलं पत्र असंच असतं. त्यात खोटं काही नाही, पण हा विद्यार्थी कुठून सुरू करणार आणि त्याला आठवड्यातला कोणता तास द्यायचा, हे शिक्षकांना त्यावरून ठरवताच येत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पूर्वानुभव सांगताना. लोक वर्षं मोजतात. "तीन वर्षं शिकलो" यातून शिक्षकांच्या हाती फारसं काही लागत नाही, कारण त्या तीन वर्षांत काय झालं हे कळत नाही. त्याऐवजी शेवटची कोणती रचना दोन्ही हातांनी सलग वाजवता येत होती, ते सांगा. ती नोटेशन वाचून बसवली होती, की व्हिडिओ पाहून बोटं पाठ केली होती, हेही सांगा. व्हिडिओवरून शिकलेला माणूस बऱ्यापैकी अवघड तुकडा सफाईने वाजवतो; तो ऐकून शिक्षक त्याच पातळीचं पुस्तक समोर ठेवतात आणि पहिल्या ओळीतच गाडी अडते. कीबोर्डच्या क्लासला गेलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे बहुधा उजव्या हाताने सुरावट आणि डाव्या हाताने कॉर्ड असं शिकवतात, त्यामुळे नोटेशनमधली उजव्या हाताची वरची ओळ, म्हणजे ट्रेबल क्लेफ, वाचता येते आणि डाव्या हाताची खालची ओळ, म्हणजे बास क्लेफ, जवळजवळ कोरी राहते. पत्रात या एका वाक्याची भर घातलीत, तर शिक्षक डाव्या हाताच्या वाचनाची तयारी पहिल्या दिवसापासून करतील.

घरी कोणतं वाद्य आहे, हे तर हमखास राहून जातं. ६१ पट्ट्यांचा हलक्या पट्टीचा कीबोर्ड आणि ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो यांवरचा रियाज सारखा नसतो. पट्टी हलकी असेल तर बोटांच्या जोरावर आवाज लहानमोठा करण्याची सवय नीट लागत नाही. पेडल नसेल तर तेही लिहा. मनगट किंवा खांदा दुखत असेल तर तेही लपवू नका.

ध्येयाच्या बाबतीत "मला छान वाजवायचंय" यापेक्षा एका रचनेचं नाव बरं. पण नुसतं नावही पुरत नाही. बेथोव्हेनची 'फ्यूर एलिझ' घ्या. सगळ्यांच्या कानात बसलेला सुरुवातीचा भाग सुरुवातीची पायरी ओलांडलेल्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला आहे. पुढे मात्र उजव्या हाताची भरभर धावणारी सुरावट येते, आणि नंतर डाव्या हातात एकच सूर सारखा ठोकत राहणारा भाग. ते दोन्ही पुष्कळ अवघड आहेत. म्हणून फक्त पहिला भाग हवा की संपूर्ण रचना, सोपं रूपांतर चालेल की मूळच हवी, हे स्पष्ट लिहा. ग्रेडची परीक्षा द्यायची नसेल तर तेही सांगून टाका, कारण त्यावर शिकवण्याचा सगळा क्रम बदलतो.

वेळेबद्दलची चूक म्हणजे "केव्हाही". शाळा सुटल्यानंतरचे तास मुलांनी आधीच भरलेले असतात. सकाळी किंवा दुपारी येऊ शकत असाल तर ते आवर्जून लिहा. ते तास मिळणं सोपं असतं. शिवाय तासाची वेळ आणि रियाजाची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रविवारी एकदम दोन तास बसण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटं जास्त उपयोगी पडतात. तेवढी खरोखर जमणार असतील तरच लिहा. आकडा फुगवलात तर गृहपाठही त्याच मापाने मिळेल.

हे सगळं एका छोट्या पत्रात मावतं:

"नमस्कार. मी ४१ वर्षांचा आहे. शाळेत असताना दोन वर्षं कीबोर्ड शिकलो, त्यानंतर मोठा खंड पडला. ट्रेबल क्लेफ सावकाश वाचता येतो, बास क्लेफ येत नाही. दोन्ही हातांनी सोप्या सुरावटी वाजवतो. घरी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि पेडल आहे. वर्षभरात 'फ्यूर एलिझ'चा पहिला भाग मूळ स्वरूपात वाजवायचा आहे, परीक्षा नको. मंगळवार किंवा गुरुवार सकाळी ८ ते १० सोयीचं, नाहीतर शनिवारी दुपारी. सोमवारी कधीच जमत नाही. आठवड्यातले पाच दिवस सकाळी २५ मिनिटं रियाज करू शकतो. पाऊण तासाचा तास मिळेल का? आधी एक चाचणी तास घेता येईल का?"

उत्तरात शिक्षकांनी पुन्हा "तुम्हाला नक्की काय येतं?" असं विचारलं, तर अनुभवाचा भाग अजून मोघम आहे असं समजा. अशा वेळी आणखी वर्णन करत बसू नका. शेवटची वाजवलेली रचना, अडखळत का होईना, मिनिटभर रेकॉर्ड करून पाठवा आणि हात दिसतील असा फोन ठेवा. एरवी शब्दांत न येणारी बोटांची ठेवण आणि मनगटाचा ताण त्यात दिसतो.