वॅट आणि युनिटची गल्लत: किटली-बल्बच्या हिशेबात या चुका टाळा

"किटली तासाला किती वॅट खाते हो?" वायरिंगची कामं करणाऱ्या माणसाला हा प्रश्न सतत ऐकावा लागतो. याला उत्तर नाही, कारण प्रश्नातच घोळ आहे. वॅट 'तासाला' नसतात. वस्तू चालू असताना किती जोराने वीज ओढते, ते वॅट सांगतात. चालू होती तेवढ्या वेळात एकूण किती ओढली, हे युनिट सांगतं. एक हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट होतं. मीटरवर जे kWh, म्हणजे किलोवॅट-तास लिहिलेलं असतं, तेच हे युनिट. बिल युनिटचं येतं, वॅटचं नाही.

आता समोर दोन वस्तू घ्या. 1500 वॅटची विजेची किटली आणि 9 वॅटचा एलईडी बल्ब. किटलीत लिटरभर साधं पाणी उकळायला चार मिनिटं लागतात. 1500 वॅट, चार मिनिटं, म्हणजे तासाचा पंधरावा भाग. 1500 ला 15 ने भागलं की 100 वॅट-तास आले, म्हणजे 0.1 युनिट. 9 वॅटच्या बल्बला तेवढीच वीज संपवायला अकरा तास लागतात. एक किटली पाणी आणि रात्रभर जळलेला एक बल्ब, खर्च सारखाच. नवशिके मात्र वेष्टणावरचे आकडे शेजारी ठेवतात आणि 1500 बघून घाबरतात.

या घाबरण्याचा एक किस्सा. पुण्यात सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी चार मुलं एका जुन्या वाड्यातल्या खोलीत राहायची. खोलीला वेगळा सबमीटर, त्याच्या आकड्याप्रमाणे ती घरमालकीणबाईंना पैसे द्यायची. बिल वाढलं आणि सगळ्यांनी मिळून किटलीला दोषी ठरवलं. किटली ज्याची, त्याने निम्मं बिल भरायचं असा ठराव झाला. कागदावर हिशेबही होता: पंखा, बल्ब, लॅपटॉपचे चार्जर, किटली, सगळ्यांचे वॅट एकाखाली एक लिहून बेरीज केलेली आणि त्या प्रमाणात बिल वाटलेलं. वेळेचा रकाना कुठेच नाही! स्पर्धा परीक्षेच्या गणितात वेळ-काम-वेगाची उदाहरणं सोडवणारी ही मुलं, पण बिल आलं की घाई.

मी संध्याकाळी गेलो होतो दुसऱ्याच कामासाठी. त्यांना म्हटलं, किटलीत दिवसातून किती वेळा पाणी उकळता? सकाळी एक लिटर, रात्री एक लिटर. म्हणजे दिवसाला 0.2 युनिट, महिन्याला सहा. वाढलेलं बिल सहा युनिटांत बसत नव्हतं.

मग खोलीतलं सगळं बंद करायला लावलं, चार्जरसुद्धा काढले. तरी मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत होता. मीटरच्या तोंडावर 3200 imp/kWh असं छापलेलं होतं. म्हणजे एका युनिटमागे तो दिवा 3200 वेळा लुकलुकतो. घड्याळ लावून बघितलं तर साधारण दर अकरा सेकंदांनी एक लुकलुक. तासाला 320 च्या आसपास, म्हणजे 0.1 युनिट, म्हणजे कुठेतरी 100 वॅट चालू आहेत.

"काका, पण खोलीत काहीच चालू नाहीये."

"खोलीत नाही. जिन्यात बघ."

जिन्यातला जुना पिवळा बल्ब, शंभर वॅटचा, कुणीतरी कधीतरी याच मीटरवरून जोडलेला. दिवेलागणीला लागायचा, उजाडल्यावर बंद व्हायचा. बारा तास, 1.2 युनिट रोज, महिन्याला 36. घरमालकीण काकूंनाही ठाऊक नव्हतं, त्यांनी तो दुसऱ्या दिवशी घरच्या मीटरवर घ्यायला लावला आणि एलईडी बसवला. किटलीवाल्या मुलाची माफी कुणी मागितली का, ते मला माहीत नाही.

मीटरचा दिवा मोजायची सवय तुम्हीही लावून घ्या, यासारखी तपासणी नाही. अशाच मीटरवर फक्त 1500 वॅटची किटली चालू असेल तर मिनिटाला 80 लुकलुक दिसतात. एकट्या 9 वॅटच्या बल्बला एका लुकलुकीला दोन मिनिटं लागतात, तेव्हा लगेच 'मीटर बंद पडलाय' म्हणू नका, थांबा. किटलीच्या लुकलुकी बऱ्याच कमी भरल्या तर आधी व्होल्टेज बघा. वस्तूवरचे वॅट पूर्ण व्होल्टेजला धरलेले असतात. 230 च्या जागी 200 व्होल्ट येत असतील तर 1500 ची किटली साडेअकराशेच्या आसपासच ओढते आणि पाणी उकळायला जास्त वेळ घेते. त्यात मीटरचा दोष नाही. आकडा 3200 च असेल असंही नाही, आपल्या मीटरवरचा वाचून घ्या.

दुसरी माझी डोकेदुखी म्हणजे 'कमी वॅटची किटली घ्या, वीज वाचते' हा सल्ला. बल्बला हे लागू पडतं. बल्ब आपण बंद करू तोवर जळतो, त्यामुळे 60 च्या जागी 9 वॅटचा लावला की दर तासाला 51 वॅट-तास वाचतातच, आणि उजेड जवळपास तेवढाच. किटली पाणी उकळेपर्यंत चालते. 25 अंशाचं लिटरभर पाणी 100 अंशाला न्यायला जेवढी उष्णता लागते, ती 0.087 युनिट आहे. किटली 600 वॅटची असो की 1500 ची, एवढी द्यावीच लागते. 600 वाली दहा-अकरा मिनिटं घेते, आणि तेवढा वेळ गरम भांडं बाहेर उष्णता सोडत राहतं. म्हणजे खर्च कमी होण्याऐवजी किंचित वाढतोच. वाचवायचंच असेल तर दोन कपांना दोन कपच पाणी घाला. मी कपानेच मोजून ओततो, किटलीवरच्या रेघेकडे बघत नाही. अर्धा लिटर उकळला की खर्च जवळपास अर्धा, यापेक्षा सोपी युक्ती मला माहीत नाही.

वॅट मोठे असण्याचा खरा प्रश्न बिलात नसून प्लगमध्ये आहे. 1500 भागिले 230, साडेसहा अँपिअर. घरातला लहान सॉकेट सहा अँपिअरचा असतो. त्यात, किंवा स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डवर किटली लावून 'चालतंय की' म्हणणाऱ्यांचे तपकिरी झालेले प्लग मी पुष्कळ बदललेत. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला की तिथे किटली परत लावायची नाही. मोठ्या, सोळा अँपिअरच्या सॉकेटवर लावा, आणि त्या सॉकेटमागची वायर तेवढ्या ताकदीची आहे का हे वायरमनकडून बघून घ्या. कन्व्हर्टर पिन लावून काम भागवू नका.

बाकीच्या चुका किरकोळ. मिनिटांचे तास न करता गुणाकार करतात: दहा मिनिटं म्हणजे 10 नव्हे, तासाचा सहावा भाग. बिलावरचा 'मंजूर भार' किलोवॅटमध्ये असतो, तो महिन्याचा वापर नाही. आणि पूर्ण बिलाला युनिटने भागून 'एका युनिटचा दर' काढू नका. त्यात स्थिर आकार असतो, जो किटलीला हात न लावताही भरावा लागतो, आणि वापर वाढला की वरच्या टप्प्यातल्या युनिटांचा दरही बदलतो. किटलीचे सहा युनिट कितीला पडले हे बघायचं तर त्या महिन्यात तुम्ही ज्या टप्प्यापर्यंत पोचलात, त्या टप्प्याचा दर लावा.