ऐकून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे नियोजन : या चुका टाळा

मराठवाड्यातील दृष्टिबाधित विद्यार्थ्यांच्या अभ्यासाला मदत करताना एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. जून-जुलैत घरातले सगळे उत्साहाने धडे वाचून रेकॉर्ड करतात, फोन रेकॉर्डिंगने भरतो आणि फेब्रुवारीची परीक्षा जवळ आली की त्यातले काहीच हाताशी येत नाही. रेकॉर्डिंग कमी पडले म्हणून असे होत नाही, ते उजळणीचा विचार न करता केलेले असते म्हणून होते.

लातूरचा बारावी कला शाखेचा एक विद्यार्थी डोळ्यांसमोर येतो. त्याच्या मोठ्या बहिणीने इतिहासाचे पूर्ण पुस्तक वाचून दिले होते, तेही सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत, रात्री जेवणे आटोपल्यावर. पण एकेका फाइलमध्ये दोन-तीन धडे सलग होते आणि त्या व्हॉट्सॲपवरून आल्यामुळे त्यांची नावे `AUD-20231014-WA0007` अशी होती. यादीतून बोट फिरवताना फोनचा पडदा बोलून दाखवणारे टॉकबॅक हे अक्षर-अंकांचे लांबलचक नाव प्रत्येक वेळी वाचून दाखवी आणि शेवटचा आकडा येईपर्यंत दोन फाइलींतला फरक कळत नसे. जानेवारीत त्याला एका धड्याचा फक्त शेवटचा भाग पुन्हा ऐकायचा होता. तो शोधण्यात संध्याकाळ गेली आणि कंटाळून त्याने फाइल पहिल्यापासून लावली. पुढचे आठवडे तो हेच करत राहिला. त्यामुळे सुरुवातीचे धडे त्याला तोंडपाठ झाले आणि शेवटचे धडे उजळणीविना राहिले.

या घटनेमागचे गणित प्रत्येक पालकाने एकदा मांडून पाहावे. एक धडा सुमारे सहा हजार शब्दांचा धरला आणि वाचणारा मिनिटाला एकशेवीस शब्द या स्पष्ट गतीने वाचतो असे मानले, तर तो धडा ऐकायला ५० मिनिटे लागतात. असे बारा धडे म्हणजे एका विषयाच्या एका फेरीला दहा तास झाले. डोळस विद्यार्थी उजळणीच्या वेळी पूर्ण धडा वाचत नाही. तो अधोरेखित ओळींवरून नजर फिरवतो आणि दहा मिनिटांत पुस्तक मिटतो. ऐकणाऱ्याला ही सोय नसते, कारण आवाजावरून नजर फिरवता येत नाही. म्हणून वर्गमित्राचे वेळापत्रक घेऊन त्यात ‘रोज एक तास जास्त’ एवढीच भर घालणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे. जास्तीचा वेळ ऐकण्याच्या मिनिटांवरून काढावा लागतो आणि ती मिनिटे कमी करण्याची तयारी पहिल्या वाचनाच्या वेळीच करावी लागते.

माझी पद्धत अशी आहे. प्रत्येक धड्याच्या तीन फाइली असाव्यात. पहिली पूर्ण वाचनाची, पण मुद्द्यांनुसार तोडलेली, दहा-बारा मिनिटांहून मोठी नाही. दुसरी सात-आठ मिनिटांच्या साराची, आणि ती विद्यार्थ्याने स्वतःच्या आवाजात करायची. धडा ऐकून झाला की त्याच दिवशी, पुस्तक कोणी वाचून न दाखवता, आठवेल तसे बोलायचे. जिथे अडखळेल तिथेच त्याला पूर्ण फाइलकडे परत जायचे आहे, हे त्याला आपोआप कळते. तिसरी फाइल फक्त प्रश्नांची असावी. प्रश्न वाचून उत्तरासाठी अर्धा मिनिट शांतता ठेवायची आणि मगच उत्तर बोलायचे. साराच्या बारा फाइली दीड तासात ऐकून होतात. म्हणजे जिथे एका फेरीला दहा तास लागत होते तिथे एका संध्याकाळी पूर्ण विषय नजरेखालून जावा तसा कानाखालून जातो आणि उरलेले तास कच्च्या धड्यांना देता येतात.

फाइलचे नाव आकड्याने सुरू करावे आणि धड्याची खूण पहिल्याच शब्दांत द्यावी, उदाहरणार्थ `04-2 सार`. म्हणजे चौथ्या धड्याची दुसरी, साराची फाइल. आकड्याआधीचा शून्य सोडू नये, नाहीतर अनेक प्लेअर दहावा धडा दुसऱ्याच्या आधी लावतात. फाइल व्हॉट्सॲपवर न पाठवता केबलने फोनमध्ये उतरवली तर दिलेले नाव टिकते.

दुसरी चूक पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरच्या बाबतीतली आहे आणि ती डोळस माणसाच्या लक्षातच येत नाही. नोट्सची पीडीएफ मिळते, मराठी अक्षरे स्वच्छ दिसतात, मदत करणारा निश्चिंत होतो. विद्यार्थ्याला मात्र त्याच पानावर असंबद्ध रोमन अक्षरे ऐकू येतात किंवा काहीच ऐकू येत नाही. पहिल्या प्रकारात मजकूर कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. अक्षर पडद्यावर मराठी दिसत असले तरी संगणकासाठी ते इंग्रजी चिन्हच असते. दुसऱ्या प्रकारात पानाचा नुसता फोटो असतो. ओळखायची रीत सोपी आहे. एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवा. रोमन गिचमिड आली तर फाँट जुना आहे, ओळ निवडताच आली नाही तर तो फोटो आहे. जुन्या फाँटचा मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये बदलावा. फोटो असेल तर फाइल गुगल ड्राइव्हवर चढवून गुगल डॉक्सने उघडावी, म्हणजे त्यातला मजकूर ओळखून निघतो.

इथे घाई करणाऱ्यांना मी आवर्जून थांबवतो. असा मजकूर तपासल्याशिवाय विद्यार्थ्याच्या हाती देणे मला अजिबात मान्य नाही. देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल सहज होते. हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या टिपणात ‘१७ सप्टेंबर १९४८’चे ‘९७ सप्टेंबर’ झाले तर ऐकणारा निदान चमकतो, पण १८१८चे १८९८ झाले तर ते चूक म्हणून कानाला खटकत नाही आणि तसेच पाठ होते. म्हणून डोळस मदतनीसाने पूर्ण मजकूर नाही जमला तरी सगळे सन आणि आकडे मूळ पानाशी ताडून पाहिलेच पाहिजेत. तपासून झाल्यावर वर्डमध्ये प्रत्येक मथळ्यावर `Ctrl+Alt+1` देऊन ठेवावे. मग एनव्हीडीए या संगणकावरच्या स्क्रीन रीडरमध्ये `NVDA+Space`ने ब्राउझ मोड चालू करून `H` दाबला की विद्यार्थी एका मथळ्यावरून थेट पुढच्या मथळ्यावर जातो.

पहिल्याच आठवड्यात आवाजाची गती दुप्पट करू नये. साराची फाइल स्वतः बोलता आली तरच गती थोडी वाढवावी.

पंखा आणि कुकर चालू असताना रेकॉर्डिंग करू नये. भारनियमनाचे तास लक्षात घेऊन फोन आधीच चार्ज करावा.

ऱ्हस्व-दीर्घ आणि इंग्रजी स्पेलिंग नुसते ऐकून येत नाही. आठवड्यातून काही वेळ बाणाच्या कळीने शब्द अक्षराक्षराने ऐकावेत.

राहिला परीक्षेतील वाढीव वेळ. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो तासाला किमान २० मिनिटे आहे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. हा तास विचार करायला मिळणार असे समजून बसणारे विद्यार्थी मला भेटतात. प्रत्यक्षात तो प्रश्न पुन्हा वाचून घेण्यात, लेखनिकाला विशेषनामे सांगण्यात आणि लिहिलेले ऐकून दुरुस्त करण्यात जातो. त्यामुळे डिसेंबरपासून दर रविवारी एक पेपर पूर्ण चार तास बसून, घरातल्या किंवा शेजारच्या कोणाला तरी सांगून लिहून घ्यावा. उत्तर वाक्यावाक्याने सांगायचे, वाक्य संपले की थांबायचे, आणि नव्या परिच्छेदाची सूचना तोंडाने द्यायची. पहिल्या पेपरात शेवटचा प्रश्न बहुधा राहतो. तो का राहिला, सांगण्यात वेळ गेला की आठवण्यात, हे त्याच दिवशी पाहावे. सांगण्यात गेला असेल तर पुढच्या रविवारी पुन्हा पेपर घ्यावा, आणि आठवण्यात गेला असेल तर त्या धड्याची साराची फाइल नव्याने बोलून घ्यावी.