मावशी, नव्या फोनात सिम घालण्याआधी हे वाच

मावशी, नवा फोन आला, छान झालं. पण सिम लगेच काढू नकोस. सिम या फोनातून त्या फोनात घालायला दोन मिनिटं पुरतात, पण सिमबरोबर जातो तो फक्त तुझा नंबर आणि फार तर सिमवर सेव्ह असलेली नावं. व्हॉट्सॲपवरचे मेसेज, फोनपे, फोनात सेव्ह केलेली नावं हे सगळं मागेच राहतं आणि वेगळं आणावं लागतं. त्यातली काही कामं जुना फोन सुरळीत चालू असतानाच उरकायला हवीत, म्हणून मी सांगते त्याच क्रमाने कर. एखाद्या निवांत सकाळी बस, वायफाय चालू असू दे आणि दोन्ही फोन चार्ज करून ठेव. वीजबिलाच्या शेवटच्या तारखेला मात्र हा उद्योग काढू नकोस. त्याचं कारण फोनपेपाशी येईलच.

आधी जुन्या फोनातली कामं

सुरुवात नावांपासून. Contacts उघडून दोन-चार नावं बघ. नाव कुठे सेव्ह आहे ते तिथे लिहिलेलं असतं: गुगलच्या खात्यात, फोनमध्ये की सिमवर. गुगलमधली नावं नव्या फोनात तेच खातं घातलं की आपोआप येतात. सिमवरची सिमबरोबर जातात. अडचण असते ती फक्त फोनमध्ये सेव्ह केलेल्यांची. त्यासाठी गुगलच्या Contacts ॲपच्या सेटिंगमध्ये `Also sync device contacts` असं एक बटण आहे, ते चालू कर. ते सापडलं नाही तर मला फोनच्या स्क्रीनचा फोटो पाठव, कारण फोनागणिक त्याची जागा बदलते. चालू केल्यावर नावं वर चढायला थोडा वेळ दे.

मग व्हॉट्सॲप. `Settings`, त्यात `Chats`, त्यात `Chat backup`. तिथे कोणता ईमेल दिसतो तो कागदावर लिहून ठेव आणि `Back up` दाब. बॅकअप पूर्ण होईपर्यंत फोन तसाच ठेव. तो ईमेल महत्त्वाचा आहे, कारण नव्या फोनात दुसरंच गुगल खातं घातलंस तर हा बॅकअप त्याला सापडणारच नाही. व्हॉट्सॲपला तू सहा आकडी पिन लावला असशील तर तोही आठवून ठेव. नव्या फोनात तो विचारला जातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझ्या फोनात दोन सिम आहेत. जिओचा नंबर तू बोलायला आणि व्हॉट्सॲपला वापरतेस, पण बँकेत दिलेला नंबर जुना, बीएसएनएलचा आहे. त्या सिमवरून तू कुणाला फोन करत नाहीस, त्यामुळे त्याचं रिचार्ज कधी संपलं हे कळतही नाही. म्हणून सिम काढायच्या आधी बीएसएनएलवरून मला एक साधा एसएमएस पाठव. व्हॉट्सॲप नको, साधा मेसेज. तो आला तर पुढे जा. `Not sent` असं लाल अक्षरात दिसलं तर आधी त्या नंबरवर रिचार्ज कर आणि पुन्हा पाठवून बघ. प्लॅन घेताना त्यात एसएमएस आहेत ना, तेवढं विचार.

सिम काढणं आणि घालणं

जुना फोन पूर्ण बंद कर. नव्या फोनाच्या खोक्यात एक छोटी पिन असते. फोनाच्या कडेला जिथे ट्रेची बारीक आयताकृती रेघ दिसते, त्या रेघेच्या आतल्या भोकात ती सरळ घालून दाब. खालच्या कडेला रेघ नसलेलं एक सुटं भोक असतं, ते माइकचं. त्यात पिन गेली तर माइक बिघडू शकतो, म्हणून रेघ बघूनच घाल. ट्रे थोडा बाहेर आला की नखाने ओढून घे.

दोन्ही सिम एकदम बाहेर काढू नकोस. आधी एक काढ, कागदावर ठेव आणि शेजारी "जिओ" किंवा "बीएसएनएल" लिही. नव्या ट्रेवर 1 आणि 2 असे आकडे असतात. १ मध्ये जिओ, २ मध्ये बीएसएनएल घाल. सिमचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, ट्रेमध्येही तसाच तिरका कोपरा असतो. ते जुळलं की सिम आपोआप सपाट बसतं. बसत नसेल तर दाबू नकोस, फिरवून बघ. काही फोनांत दुसऱ्या सिमची आणि मेमरी कार्डाची जागा एकच असते. तसं असेल तर मेमरी कार्ड बाजूला ठेव, सिम दोन्ही आत हवीत.

काकांच्या बटणांच्या फोनातलं सिम मोठं आहे, त्यांना हे सांगशील तेव्हा लक्षात असू दे. सिमच्या कडेला आत पातळ खाचा असतील तर ते हाताने मोडून छोटं करता येतं. खाचा नसतील तर कात्री लावायची नाही. कंपनीच्या दुकानात आधार दाखवून त्याच नंबरचं छोटं कार्ड घ्यायचं. मात्र नवं कार्ड चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, म्हणजे ओटीपीही नाही. कुणी आपल्या नावाने चोरून दुसरं सिम काढलं तर त्याला लगेच बँकेत शिरता येऊ नये, म्हणून हा नियम केलाय. तुझं तेच कार्ड जातंय, त्यामुळे तुला ही अडचण नाही.

फोन चालू केल्यावर काय बघायचं

स्क्रीनच्या वर दोन्ही सिमच्या सिग्नलच्या काड्या दिसायला एखाद-दोन मिनिटं लागू शकतात. फोनने सिमचा पिन विचारला आणि तो तुला माहीत नसेल तर अंदाजाने टाकू नकोस. तीन वेळा चुकला की सिम लॉक होतं आणि कंपनीकडून पीयूके नावाचा आठ आकडी नंबर घ्यावा लागतो.

`No SIM` असं आलं तर फोन बंद कर, सिम काढून सोनेरी बाजू कोरड्या मऊ कापडाने पूस आणि परत घाल. तरीही नाही जमलं तर तेच सिम जुन्या फोनात घालून बघ. तिथे चाललं तर गडबड नव्या फोनाची किंवा ट्रेची, तिथेही नाही चाललं तर सिमची. दुकानात जाण्याआधी एवढं माहीत असलं की तिथे उगाच फेऱ्या होत नाहीत.

काड्या आल्या की मला दोन्ही नंबरांवरून एकेक फोन कर, मग मी उलट करते. जिओवर नेट चालतंय पण फोन लागत नाही असं झालं तर सिमच्या सेटिंगमध्ये `VoLTE` चालू आहे का बघ, जिओचे कॉल त्यावरूनच जातात. उलट फोन लागतो पण नेट नाही, असं असेल तर `Mobile data` साठी जिओ निवडलंय का ते बघ. निवडलेलं असूनही नेट नसेल तर सिमच्या सेटिंगमध्ये नेटच्या जोडणीचं `APN` असतं, त्यात `jionet` लिहिलेलं हवं. शेवटी दोन्ही सिमवरून एकेक एसएमएस. हे तपासल्याशिवाय फोनपेकडे वळू नकोस.

व्हॉट्सॲप

नव्या फोनात आधी कागदावरचं ते गुगल खातं घाल, मग व्हॉट्सॲप उतरव. जिओचा नंबर टाक, येणारा सहा आकडी कोड भर. मग ते बॅकअप परत आणायचा का, असं विचारेल. तिथे `Restore` दाब. घाईत `Skip` दाबलंस तर मेसेज येणार नाहीत. तसं झालं तर लगेच व्हॉट्सॲप काढून टाकून पुन्हा घाल, कारण नवा बॅकअप झाला की तो जुन्याची जागा घेतो. मेसेज आधी येतात, फोटो सावकाश उतरत राहतात, त्यामुळे रिकाम्या चौकटी दिसल्या तर घाबरू नकोस.

फोनपे

इथेच बहुतेकांचं अडतं. नव्या फोनात फोनपे चालू करताना ते तुझ्या फोनातून स्वतःच एक एसएमएस पाठवतं. बँकेला दिलेल्या नंबरचं सिम खरोखर याच फोनात आहे, याची खात्री त्यावरून होते. म्हणून ते कोणतं सिम असं विचारेल तेव्हा जिओ नाही, बीएसएनएल निवडायचं. जिओ निवडलंस तर त्या नंबरवर खातं सापडत नाही असं येईल. बीएसएनएल निवडूनही चाक नुसतं फिरत राहिलं, तर एसएमएस गेलेलाच नसतो. मेसेजच्या यादीत जाऊन बघ, अगम्य अक्षरांचा एक न गेलेला मेसेज दिसेल. कारण बहुधा रिचार्ज किंवा एसएमएस पाठवायची परवानगी न दिलेली असणं. परवानगी विचारली की `Allow` दाब.

तुझा यूपीआय पिन तोच राहतो, नवा करायची गरज नाही. आधी शिल्लक बघ, मग मला एक रुपया पाठव. नव्या फोनात पहिले २४ तास बँका रकमेवर मर्यादा घालतात, साधारण ५,००० रुपयांची. मोठं बिल त्या दिवशी अडकतं ते यामुळे. बँकेचं वेगळं ॲप असेल तर त्याचीही नोंदणी अशीच बीएसएनएलवरून पुन्हा करावी लागेल, तेव्हा डेबिट कार्ड हाताशी ठेव. आधार, गॅस वगैरे ठिकाणी काहीच कळवायचं नाही, नंबर तोच आहे.

या सगळ्यात ओटीपी येत राहतील. ते फक्त तू फोनात टाकायचे. "सिमचं व्हेरिफिकेशन राहिलंय" असा कुणाचा फोन आला आणि `*401*` लावून पुढे एखादा नंबर दाबायला सांगितला, तर फोन ठेवून दे. त्याने तुझे कॉल त्या माणसाकडे वळतात. शंका आली तर `*#21#` लाव, कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं, आणि `##002#` लावलं की वळवणं बंद होतं. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० ला फोन.

जुना फोन

आठवडाभर तो तसाच ठेव, पुसू नकोस. एखादं नाव किंवा फोटो राहिलाय हे चार दिवसांनी आठवतं. मग `Settings` मधून आधी गुगल खातं काढ आणि त्यानंतर `Erase all data` कर. खातं न काढता पुसलास तर ज्याला देशील त्याच्याकडे तो तुझाच पासवर्ड मागत बसू शकतो. पण मागचं झाकण उचललं गेलंय म्हणालीस, म्हणजे बॅटरी फुगलीय. तो कुणाला वापरायला देऊ नकोस, उशाशीही ठेवू नकोस, आणि नव्या फोनात सगळं आलं की तो बंद करून ठेव, पुन्हा चार्जला लावू नकोस.