लेखनगटात कोणी, कधी, काय बोलायचं

लिहिणारी चार माणसं जमली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. "छान जमलंय, लिहीत राहा" म्हणून चहा मागवला जातो, नाहीतर कोणीतरी पेन काढून ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला बसतं. कथा आपली होती तिथेच. आमचा सहा जणांचा गट टिकला तो बैठकीत बोलण्याचा क्रम ठरवून घेतल्यामुळे. नवीन गट काढू पाहणाऱ्यांसाठी तोच क्रम इथे मांडतोय.

क्रम आम्ही शोधून काढलेला नाही, दोन ठिकाणांहून उचललाय. १९५६ मध्ये अमेरिकेत मिलफर्ड या गावी काही विज्ञानकथालेखक एकत्र आले आणि तिथून एक रीत रूढ झाली: सगळ्यांनी गोल बसायचं, प्रत्येकाने आपल्या पाळीला ठरलेल्या वेळात बोलायचं आणि ज्याची कथा आहे त्याने सगळ्यांचं होईपर्यंत गप्प राहायचं. दुसरी पद्धत लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची. तिच्यात आधी प्रेक्षक काय जाणवलं ते सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक तटस्थ प्रश्न विचारतात आणि मत सगळ्यात शेवटी, तेही कलाकाराची परवानगी घेऊन. पहिलीत लेखक फारच कोंडला जातो. दुसरी सहा जणांनी पूर्ण पाळली तर रात्र होते. म्हणून आम्ही मिसळ केली.

एका बैठकीला दोनच कथा, प्रत्येकी जास्तीत जास्त ३००० शब्द, आणि त्या आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात. पानांना क्रमांक हवेतच, नाहीतर "ते मधे कुठंतरी" शोधण्यात वेळ जातो. लेखकाला काही विचारायचं असेल तर त्याने दोन प्रश्न कथेच्या शेवटी लिहावेत. सुरुवातीला लिहिले की वाचणारा ते डोक्यात ठेवूनच वाचतो आणि त्याचं वाचन बिघडतं. ज्याने वाचलेलं नाही त्याने यावं, ऐकावं, पण बोलू नये. हा नियम उद्धट वाटतो, पण तो सैल केला की दोन-तीन महिन्यांत निम्मे लोक रिक्षात बसून पानं चाळत येतात.

पहिल्या फेरीत पाच वाचक प्रत्येकी तीन मिनिटं बोलतात आणि त्यात फक्त वाचताना काय झालं ते सांगतात: कुठे गुंतलो, कुठे पान उलटावंसं वाटेना, कुठे मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं. पान क्रमांकासकट. उपाय सांगायचे नाहीत. वयाने सगळ्यात लहान असेल त्याने आधी बोलायचं, ज्येष्ठांनी शेवटी. आपल्याकडे हे फार महत्त्वाचं आहे, कारण सरांनी एकदा "शेवट सुंदर" म्हटलं की पंचविशीतली मुलगी "मला शेवट कळलाच नाही" हे पोटातच ठेवते.

या फेरीत लेखक फक्त लिहून घेतो. "म्हणजे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य तोंडातून निघालं की वाचक समजूतदार होतात आणि खरं सांगायचं थांबतात.

एक उदाहरण सांगतो, तपशील थोडे बदलून. दोन भावांच्या वाटणीची कथा होती, अकरा पानांची. तिसऱ्या पानावर ओसरीवर मोठं भांडण होतं. पहिल्या फेरीत तिघांनी सांगितलं की तिसरं-चौथं पान रेंगाळतं. एका काकांना राहवलं नाही. "आजी काढून टाक, तिच्यामुळे अडतंय," ते म्हणाले. वेळ बघणाऱ्याने त्यांना तिथेच थांबवलं, कारण हा उपाय झाला.

दुसरी फेरी लेखकाची. त्याने एकच प्रश्न विचारला: "धाकटा एवढा का चिडतो, तुम्हाला काय वाटलं?" पाच जणांनी जवळपास पाच उत्तरं दिली. कोणाला बायकोची फूस वाटली, कोणाला लहानपणची अढी, एकीला तो दारू प्यायलाय असं वाटलं. लेखकाच्या डोक्यातलं कारण वेगळंच होतं. विहीर मोठ्याच्या हिश्शातल्या जमिनीत होती आणि तिच्या पाण्यावाचून धाकट्याचं रान कोरडं राहणार होतं. पण हे वाचकाला कळत होतं थेट सातव्या पानावर, तलाठ्याकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कात सामायिक विहिरीची नोंद शोधतात तेव्हा.

पुढच्या खर्ड्यात त्याने पहिल्या पानावर दोन वाक्यं घातली. रात्रीची वीज आल्यावर धाकटा मोटर चालू करायला भावाच्या रानात जातो आणि आजच्या पाळीत किती वाफे भिजतील याचा हिशोब करतो. तिसऱ्या पानाला हात लावला नाही, आजीही राहिली. तेच भांडण आता कोणाला लांब वाटलं नाही. वाचक जिथे कंटाळतो ती जागा तो बरोबर सांगतो, पण कारण बहुतेक वेळा दोन-चार पानं आधी असतं आणि त्याने सुचवलेला उपाय भलत्याच जागी पडतो. म्हणून उपायांना आमच्याकडे शेवटची दहा मिनिटं, आणि तीही लेखक "सांगा" म्हणाला तरच.

त्याआधी वाचकांचे प्रश्न असतात. इथे घसरायला वेळ लागत नाही. "मोठ्याला एवढा भेकड का केलास?" हा प्रश्नाच्या वेषातला शेरा आहे. "सही करताना त्याला काय मिळेल असं वाटत होतं?" याला लेखक काहीतरी उत्तर देऊ शकतो, आणि उत्तर सापडलं नाही तर तेही त्याच्या कामाचंच.

शुद्धलेखनाच्या खुणा छापील प्रतीवर करून प्रत लेखकाच्या हातात द्यायची, बैठकीत त्यावर बोलायचं नाही. बोलीबद्दल मात्र स्पष्ट नियम हवा. "हा शब्द मला कळला नाही, पण संदर्भाने चाललं" असं म्हणता येतं. "असं कोणी बोलत नाही" म्हणता येत नाही, निदान त्या तालुक्यात राहिल्याशिवाय.

घरी गेल्यावर लेखकाने लगेच दुरुस्तीला बसू नये. चार-पाच दिवसांनी वही उघडून पानाप्रमाणे शेरे मांडावेत. एकाच जागी तिघे अडखळले असतील तर तिथे किंवा तिच्या अलीकडे काम आहे. एकटाच अडखळला असेल तर ती त्याची आवडनिवड असू शकते. पण तो एकटा गटातला सगळ्यात सावकाश वाचणारा असेल तर मी तरी त्याचं ऐकतो.

कवितेला हा क्रम फारसा लागू पडत नाही. तिथे पान क्रमांकाऐवजी मोठ्याने दोनदा वाचणं जास्त उपयोगी. कादंबरीची सुटी प्रकरणं दिली तर वाचक मागचं विसरलेले असतात आणि सगळ्या तक्रारी "हा कोण?" याच राहतात. सलग तीन-चार प्रकरणं देऊन एक अख्खी बैठक त्यालाच द्यावी.

दिवाळी अंकाला कथा पाठवण्याआधी तीच कथा तिसऱ्यांदा गटात आणण्याचा मोह होतो. आम्ही दोनदाच आणू देतो. तिसऱ्या वेळी आम्ही पाचही जण खर्डा न वाचता जुन्या खर्ड्याशी तुलना करत असतो. त्यापेक्षा ती कथा गटाबाहेरच्या, काहीच माहीत नसलेल्या एका वाचकाला द्यावी आणि कुठल्या पानावर फोन हातात घेतलास एवढंच विचारावं.