बाळाची तारीख पक्की नसते, परतीची असावी लागते : दीड महिन्याच्या रजेचा माझा अनुभव

गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी अकाउंट्स बघते. पगारपत्रक, पीएफ, जीएसटी, बँक, सगळं माझ्याच टेबलावर. धाकटी बहीण जर्मनीत, स्टुटगार्टला असते. तिला 20 जानेवारी ही तारीख दिली होती. आईचे गुडघे गेलेले, एवढ्या थंडीत तिला एकटीला विमानात बसवणं शक्यच नव्हतं. बाळंतपणाला मीच जाणार हे घरात ठरलं, आणि मग ऑफिसात कसं सांगायचं हा प्रश्न माझ्या डोक्यात पंधरा दिवस फिरत राहिला. नुकतेच नोकरीला लागलेले भाचे-भाच्या हल्ली मला विचारतात, म्हणून जे केलं आणि जिथे अडकले ते सगळं लिहिते.

माझा पहिला अर्ज चार ओळींचा होता : बहिणीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचे असल्याने जानेवारी-फेब्रुवारी अशी दोन महिने बिनपगारी रजा मिळावी ही विनंती. साहेबांनी वाचला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बघूया की." आठ दिवस झाले तरी बघणं काही झालं नाही. मला आधी राग आला. मग अर्ज त्यांच्या जागी बसून वाचला तेव्हा कळलं, की त्यात त्यांना हो म्हणता येईल असं काहीच नव्हतं. दोन महिने म्हणजे नेमके कुठले दिवस, त्या दिवसांत काय काय भरायचंय, ते कोण भरणार, हे सगळं मी त्यांच्यावरच टाकलं होतं.

दुसरा अर्ज लिहिण्याआधी मी कॅलेंडर काढलं. "माझं काम कोण बघेल" असा विचार केला की डोकं भणाणतं. "कुठल्या तारखेला काय जायला हवं" असं विचारलं की गणित समोर येतं. 5 जानेवारी ते 18 फेब्रुवारी या 45 दिवसांत फक्त आठ तारखा निघाल्या. 7 जानेवारीला टीडीएसचा भरणा आणि पगार, 11 ला जीएसटीचं विक्रीचं विवरण जीएसटीआर-1, 15 ला पीएफ आणि कामगार विम्याची म्हणजे ईएसआयची वर्गणी, 20 ला जीएसटीचं मासिक रिटर्न जीएसटीआर-3बी, 31 ला तिमाहीचं टीडीएस रिटर्न. पुढे पुन्हा 7, 11 आणि 15 फेब्रुवारी. 20 फेब्रुवारीच्या आधी मी परत, त्यामुळे तो 3बी मीच भरणार होते. या आठ तारखांपुढे मी माणसाचं नाव लिहिलं आणि तो कागद अर्जाला जोडला. साहेबांनी अर्जाच्या आधी तो कागद वाचला.

आता तारखांचा लवचीकपणा. बाळंतपण म्हणजे लग्न नव्हे, मुहूर्त काढून होत नाही. दिलेल्या तारखेच्या दोन-तीन आठवडे आधी किंवा आठवडाभर नंतरही बाळ येतं. बरेच जण म्हणून अर्जात "तारखा बदलू शकतात" असं लिहितात आणि तिथेच घोळ होतो, कारण वाचणाऱ्याला दोन्ही टोकं सुटी दिसतात. मी एकच टोक सुटं ठेवलं. तो भाग असा होता :

"निघण्याची तारीख 5 जानेवारी. बाळ लवकर आले तर दोन दिवसांच्या सूचनेवर 26 डिसेंबरनंतर केव्हाही निघेन. रजा कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांची असेल आणि उशिरात उशिरा 19 फेब्रुवारीला सकाळी मी कामावर हजर असेन. ही तारीख पुढे जाणार नाही. बाळ उशिरा आले तर त्याचे दिवस माझ्या मुक्कामातून कमी होतील, कारखान्याच्या कामातून नाही."

शेवटचं वाक्य लिहिताना जीव कालवला. बाळ महिनाअखेरीस आलं असतं तर बहिणीजवळ मला अडीच-तीनच आठवडे मिळाले असते. पण मार्चअखेर समोर होती, आणि नंतर तारीख वाढवून मागितली असती तर पुढच्या माणसाला कुणी रजा दिली नसती. बहिणीशी फोनवर बोलूनच ते वाक्य ठेवलं.

लवचीकपणाबद्दल आणखी एक. "तिथून रोज दोन तास काम करेन" असं कबूल करू नका. मलाही तो मोह झाला होता. पण व्हिजिटर व्हिसावर तिथे बसून नोकरीचं काम करायची परवानगी नसते, आणि बिनपगारी रजेत काम करायचं म्हणजे रजेचा अर्थच उरत नाही. मी फक्त एवढं लिहिलं, की मंगळवारी आणि शुक्रवारी आपल्या संध्याकाळी पाच वाजता अडलेल्या प्रश्नासाठी फोन करता येईल. हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेचार तास मागे असतं, म्हणजे तिकडे दुपारचे साडेबारा.

व्हिसा आणि रजा यांची एक गाठ बसते, ती आधीच ओळखा. वकिलातीला कंपनीचं रजा मंजूर असल्याचं पत्र लागतं. आणि ऑफिस म्हणतं, आधी व्हिसा येऊ दे, मग मंजूर करू. आम्ही पत्रातच लिहून घेतलं : "व्हिसा मिळण्याच्या अटीवर 26 डिसेंबर ते 18 फेब्रुवारी या काळात 45 दिवसांची रजा मंजूर, उशिरात उशिरा 19 फेब्रुवारीस रुजू होणे अपेक्षित." व्हिसाच्या अर्जातही हाच पूर्ण काळ मागितला, फक्त 45 दिवसांचा नाही, नाहीतर लवकर निघायची वेळ आली असती तेव्हा व्हिसाच सुरू झालेला नसता. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतात. म्हणून सप्टेंबरात मंजुरी, ऑक्टोबरात रात्रीच्या गाडीने पुण्याला जाऊन बोटांचे ठसे, आणि व्हिसा हातात आल्यावरच तिकीट, असा क्रम ठेवला.

पैशांचं आता सांगते, कारण पगारपत्रक मीच करते आणि इथे नवी मुलं हमखास फसतात. माझा पगार महिना 30,000. शिल्लक पगारी रजा 12 होत्या, त्या आधी वापरल्या. आमची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, त्यामुळे 12 रजांत मी 18 जानेवारीपर्यंत पोचले. उरले 19 जानेवारी ते 18 फेब्रुवारी, म्हणजे 31 दिवस. त्यात पाच सोमवार आणि 26 जानेवारी वजा केले तर कामाचे दिवस 25.

एका दिवसाचा पगार 30 ने भागून काढला तर 1,000 रुपये, आणि मग सुट्ट्या धरून 31 दिवस कापायचे : 31,000. 26 ने भागलं तर 1,154 च्या आसपास, पण मग फक्त कामाचे 25 दिवस कापायचे : साधारण 28,850. दोन्ही पद्धती चालतात. चूक होते ती दोन्हींची भेसळ झाली की. 26 ने भागून 31 दिवस कापले तर 35,770 जातात, म्हणजे जवळजवळ सात हजारांचा फटका. तेव्हा रजेवर जाण्याआधी दोनच गोष्टी लेखी विचारा : भागाकार कितीने, आणि मधल्या सुट्ट्या मोजणार का.

बिनपगारी दिवस पीएफच्या मासिक पत्रकात एनसीपी, म्हणजे वर्गणी नसलेले दिवस, म्हणून जातात आणि पेन्शनच्या सेवेतून वजा होतात. महिनाभराने फारसा फरक पडत नाही, पण आकडा बरोबर गेलाय ना ते बघा. ज्यांचा पगार 21,000 च्या आत आहे आणि ईएसआय लागू आहे त्यांनी मात्र जपायला हवं. आजारपणाचा भत्ता मिळायला सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. लांब रजा आणि आधीचे खाडे मिळून तो आकडा खाली गेला तर पुढच्या काळात आजारी पडल्यावर हात रिकामे राहतात.

माझी बदली म्हणून स्टोअरमधला मुलगा तयार झाला. कागलहून येतो, बी.कॉम. आहे, हात स्वच्छ. पण तो माझ्या खुर्चीत बसला तर स्टोअरच्या नोंदी कोण करणार, हे कुणी विचारलंच नव्हतं. बदलीलाही बदली लागतो. ते काम दीड महिन्यासाठी डिस्पॅचमधल्या ताईंकडे दिलं, आणि माझ्या वाचलेल्या पगारातून दोघांना मिळून 8,000 रुपये जादा द्यावेत असं मी अर्जातच सुचवलं. साहेबांनी ते मान्य केलं. माझं ओझं दुसऱ्यानं फुकट उचलावं हे मला पटत नव्हतं, आणि पैसे ठरल्यावर तो मुलगा शिकायलाही वेगळ्या जोमानं बसला.

डिसेंबरभर त्याची तालीम घेतली. खुर्चीत तो, शेजारी स्टुलावर मी, आणि माऊसला हात लावायचा नाही असा नियम मलाच. 15 डिसेंबरचं पीएफ भरताना तो थांबला. "ताई, हे गैरहजर दिवस कुठनं घ्यायचे?" ते माझ्या पर्समधल्या डायरीत होते, दुसरीकडे कुठेच नाही. सांगून शिकवलं असतं तर हे मला आठवलंही नसतं. ई-वे बिलाचा ओटीपी माझ्या मोबाइलवर यायचा, तेव्हा पोर्टलवर त्याच्या नावाचा सब-युजर काढून त्याचा नंबर जोडला. डिजिटल सहीचं डोंगल माझ्या ड्रॉवरमधून साहेबांच्या कपाटात गेलं.

तरी एक राहिलंच. बँकेत त्याला पगार चढवायचा अधिकार 10 डिसेंबरला मिळाला, म्हणजे त्या महिन्याचे पगार होऊन गेल्यावर. जानेवारीच्या सुरुवातीचे पगार मी निघण्याआधीच 4 तारखेला केले. म्हणजे पगाराची तालीम झालीच नव्हती. 5 फेब्रुवारीला त्यानं सुमारे 14 लाखांची फाइल चढवली आणि ती परत आली. नव्या युजरला दिवसाला 5 लाखांचीच मर्यादा होती. बुधवार होता, ठरलेला फोनचा दिवस नाही, तरी त्यानं केला आणि बरं केलं. मांडीवर तीन आठवड्यांची भाची घेऊन मी त्याला फाइलचे तीन तुकडे करायला सांगितले. 5 ला कामगारांचे, 6 ला उरलेले कामगार आणि सुपरवायझर, 7 ला ऑफिस स्टाफ. पगार 7 तारखेच्या आत झाले. दर महिन्याला एकदाच होणारं काम असेल तर त्याची तालीम व्हावी म्हणून बदलीला अधिकार दोन महिने आधी मिळायला हवेत, हे मी आता चार्जच्या कागदावर सगळ्यात वर लिहून ठेवलंय.

भाची 14 जानेवारीला, संक्रांतीला झाली. मला तिच्याजवळ पाच आठवडे मिळाले.

19 फेब्रुवारीला सकाळी आधी रुजू अहवाल दिला आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह सही घेतली. मंजुरीपत्र आणि ही प्रत दोन्ही एकत्र ठेवा. ग्रॅच्युइटीच्या वेळी सेवेत खंड पडला का असा प्रश्न आला, तर मंजूर रजा आणि न सांगता राहिलेली गैरहजेरी यांतला फरक याच दोन कागदांवर दिसतो. मग त्या मुलानं आठ तारखांचा कागद समोर ठेवला, प्रत्येकीपुढे चलन नंबर लिहिलेला. आम्ही दोघांनी एकेक पावती ताडून बघितली आणि दुपारी मी 20 तारखेच्या 3बीला बसले.