नुसतं "सर प्लीज मदत करा" आलं की उत्तर देताना या चुका टाळा

खरीप लागला की आमच्याकडे विदर्भात शेतकरी ग्रुपवर आणि पर्सनलवर एक मेसेज कायम येतो, "सर प्लीज मदत करा", नाहीतर "काइंडली हेल्प" आणि खाली हात जोडलेले. पिकाचं नाव नाही, फोटो नाही, गाव नाही. ग्रुपवर कृषी पदवीवाले असतात, दुकानदार असतात, जुने जाणते शेतकरी असतात आणि यातला प्रत्येकजण मनापासून मदत करायला बघतो, पण पहिल्या उत्तरातच गडबड होते आणि तिचे पैसे त्या माणसाच्या खिशातून जातात, कधी पीकच जातं. म्हणून कपाशीचं उदाहरण घेऊन लिहितोय, कारण अंदाजाने सल्ला देण्याचं प्रमाण कपाशीत मला सगळ्यात जास्त दिसतं.

महिना बघून औषध सांगणं

ऑगस्ट आहे, नंबर यवतमाळकडचा आहे, म्हणजे कपाशीच असणार आणि कपाशी म्हणजे तुडतुडे नाहीतर फुलकिडेच असणार, असं धरून लोक सरळ औषधाचं नाव आणि पंपाला किती मिली ते टाकून देतात. वर कोणीतरी जुना फॉरवर्ड केलेला फवारणीचा तक्ता चिकटवतो. समोरच्याने अजून तोंडच उघडलेलं नाही आणि त्याच्या हातात तीन औषधं आलेली असतात. तो बिचारा अडचणीत आहे, तो उलट प्रश्न विचारत बसत नाही, तो संध्याकाळी दुकानात जाऊन त्यातलं जे मिळेल ते घेऊन येतो.

मेसेजमध्ये काहीच नाही तर आपल्याला काहीच माहीत नाही, एवढं धरूनच चालायचं. पीक कपाशी आहे हेसुद्धा धरायचं नाही.

माणूस की पीक, हे न विचारणं

ही चूक सगळ्यात महागाची. फवारणीच्या दिवसात आलेला "मदत करा" हा मेसेज पिकाबद्दलच असेल असं काही नाही. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो लोक दवाखान्यात होते. तेव्हापासून माझं पहिलं उत्तर ठरलेलं आहे, जसंच्या तसं देतो:

"दादा, आहे मी. आधी एवढंच सांगा, त्रास माणसाला आहे का पिकाला? माणसाला असेल तर टाइप करू नका, लगेच फोन करा."

माणूस असेल तर पिकाची चौकशी तिथेच बंद. फवारणीनंतर चक्कर, मळमळ, खूप घाम, तोंडाला लाळ सुटणं, अंधुक दिसणं, छातीत भरून आल्यासारखं होणं असं काही असेल तर 108 ला फोन लावायला सांगायचं, त्याला शेतातून बाजूला मोकळ्या हवेत न्यायचं, औषधाने भिजलेले कपडे काढायचे, अंग साबण-पाण्याने धुवायचं आणि औषधाची बाटली किंवा तिचं लेबल दवाखान्यात सोबत न्यायला सांगायचं, कारण कुठल्या गटातलं औषध आहे त्यावर डॉक्टरांचे उपचार ठरतात. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचं कोणी सुचवत असेल तर थांबवायचं. गाडी यायला उशीर असेल तर मिळेल त्या गाडीने न्यायचं.

आणि फोनवर आवाज जड वाटला, माणूस कर्जाबद्दल किंवा "आता काही उरलं नाही" असं बोलायला लागला तर फवारणी-बिवारणी सोडून त्याचंच ऐकायचं. सोबत कोण आहे विचारायचं, घरातल्या माणसाला फोनवर घ्यायचं, औषधाच्या बाटल्या त्याच्यापासून लांब ठेवायला लावायच्या. मानसिक आधारासाठीच्या टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. औषध प्यायलाच असेल तर मात्र 108 आणि दवाखाना, दुसरं काही नाही.

एकदम दहा प्रश्न टाकणं, नाहीतर रागावणं

"पिकाचं नाव, वाण, पेरणी तारीख, जमीन, ओलित का कोरडवाहू, खतं, मागच्या फवारण्या, फोटो, तालुका, जिल्हा" असा अर्जच काही जण पाठवतात. मेसेज करणारा बऱ्याचदा शेतात उभा असतो, एका हातात फोन, उन्हात स्क्रीन दिसत नाही, किंवा टाइप पोरगा करतोय आणि शेत बापाचं आहे. तो अर्ज बघूनच गप्प होतो. "आधी नीट लिहायला शिका, मग मदत मागा" असलं तर कधीच लिहू नका, तो माणूस परत विचारणार नाही आणि त्याच्याकडे बघून ग्रुपवरचे आणखी चार जण विचारणार नाहीत.

एकावेळी एक प्रश्न, आणि उत्तर आवाजात पाठवलं तरी चालेल असं सांगायचं. व्हॉइस मेसेजमध्ये लोक आपोआप सगळं बोलून जातात, जे टाइप करताना सुटतं.

एका पानाच्या फोटोवर निदान करणं

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो, त्यात सगळंच येतं.

मेसेज आला, "सर प्लीज मदत करा 🙏". मी वरचं उत्तर दिलं. थोड्या वेळाने आलं, "पिकाले हाय सर, पराटीची पानं आकसून रायली". सोबत एका पानाचा फोटो, अगदी जवळून, निम्मा धूसर. ग्रुपवर तेवढ्यात दोघांनी व्हायरस म्हणून सांगितलं, एकाने तुडतुड्यांचं औषध लिहिलं, आणि भाऊ त्याआधी दुकानातून कीडनाशक आणून एक फवारणी करूनही बसला होता, फरक काही नाही.

आकसलेलं पान एवढ्यावरून काहीच ठरत नाही. तुडतुड्यांनी पानाच्या कडा खाली वळतात, पिवळ्या पडून मग लालसर होतात. फुलकिडे असतील तर पानाच्या खालच्या बाजूला चांदीसारखी चमक दिसते. मावा असेल तर पान चिकट लागतं. म्हणून चार फोटो मागितले, एकेक करून: लांबून अख्खं शेत, एक पूर्ण झाड, त्याच झाडाचं शेंड्याकडचं पान मागून-पुढून, आणि शेजारचं एक चांगलं झाड. हे चौथं लोक विसरतात, पण चांगलं झाड बाजूला असलं की फरक लगेच दिसतो.

फोटो आले. खालची जुनी पानं एकदम ठीक, पसरट. वरची नवीन पानं मात्र अरुंद, लांब बोटांसारखी फाटलेली, भेंडीच्या पानासारखी, शिरा जाड आणि जवळजवळ समांतर. पानामागे एक कीड नाही, चिकटपणा नाही, चमक नाही. किडीने असं होत नाही, ही खूण टू-फोर-डी या तणनाशकाची. कपाशीला ते इतकं लागतं की पंपात उरलेला अंशसुद्धा पुरतो.

पण तेवढ्यावरही मी "टू-फोर-डी आहे" म्हणून मोकळा झालो नाही, कारण खूण जुळली तरी ते तिथे आलं कुठून हे कळायला पाहिजे. विचारलं, "भाऊ, सगळ्या शेतात सारखंच आहे का कुठे जास्त कुठे कमी?" उत्तर आलं, "धुऱ्याकडच्या तासात लई हाय, पुढं कमी कमी होत गेलं", म्हणजे बांधाकडच्या ओळींत जास्त. मग विचारलं, मागच्या फवारणीला सुरुवात कुठून केली होती. धुऱ्याकडूनच. पंप कोणाचा? शेजाऱ्याचा, मागून आणलेला. शेजाऱ्याने त्याआधी त्या पंपाने काय मारलं होतं? बांधावरच्या गाजरगवतावर तणनाशक. पंप धुतला होता का? "पाण्यानं विसळला होता सर".

इथे चित्र पूर्ण झालं. पहिल्या टाकीत उरलेलं तणनाशक सगळ्यात जास्त गेलं, नंतरच्या टाक्यांत कमी होत गेलं, शेतातला नमुना तसाच. वाऱ्याने शेजारच्या शेतातून उडून आलं असतं तर त्या बाजूच्या कडेने पट्टा दिसला असता आणि फवारणी कुठून सुरू केली याच्याशी त्याचा संबंध नसता. आपलं निदान चुकीचं असेल तर काय वेगळं दिसेल, हे असं तपासून बघायला दोन मिनिटं लागतात.

मग भाऊचा खरा प्रश्न, "आता औषध कोणतं मारू?" याचं उत्तर कोणतंच नाही, टू-फोर-डीला उतारा नाही. ज्या झाडांना थोडंच लागलंय ती पुढे नवीन पानं नीट काढतात, वाकडा शेंडा खुडून टाकायचा, ओलिताची सोय असेल तर पाणी द्यायचं, युरियाची हलकी फवारणी करता येते, 10 लिटर पाण्याला 200 ग्रॅम, पण त्या पंपाने बिलकूल नाही. धुऱ्याकडच्या पहिल्या काही ओळींतली झाडं जोरात लागलेली होती, ती किती सावरतील हे फोटोवरून मला सांगता येणार नव्हतं आणि तसंच सांगितलं. कृषी सहायकाला शेत दाखवा म्हटलं, पंचनामा-बिंचनामा काही लागला तर तोच माणूस कामाचा. कृषी सहायक भेटत नसेल तर किसान कॉल सेंटरचा 1800-180-1551 आहे, आणि जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

पंपाचं पण सांगितलं. नुसतं विसळून टू-फोर-डी जात नाही, ते नळीत, वॉशरमध्ये, नोझलमध्ये बसतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून ते नोझलमधून चालवायचं, रात्रभर तसंच ठेवायचं, मग साध्या पाण्याने तीनदा धुवायचं, आणि धुतलेलं पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ टाकायचं नाही. तरी माझं मत विचाराल तर तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवा, त्यावर रंगाने खूण करा आणि तो कपाशीत न्यायचाच नाही.

औषध सांगून गायब होणं

सल्ला दिला की काम संपलं असं होत नाही. आठवड्याने "भाऊ, नवीन पानाचा फोटो टाका" एवढं लिहायचं. नवीन पान पसरट येत असेल तर झाड सावरतंय, अजून बोटांसारखंच येत असेल तर त्या ओळींचं पुढे काय करायचं ते कृषी सहायकाशी बोलून ठरवायचं.

आणि पहिल्या प्रश्नाला उत्तरच आलं नाही तर? लोक शेतात जातात, रेंज नसते, चार्जिंग संपतं. फवारणीचे दिवस असतील तर मी तासाभरात एक फोन करतो, उचलला नाही तर ग्रुपवर त्याच्या गावातलं कोणी आहे का विचारतो आणि घरी जाऊन बघायला सांगतो. इतर वेळी "सवड मिळाली की सांगा, आहे मी" एवढं लिहून ठेवतो, औषधाचं नाव मात्र तोपर्यंत लिहीत नाही.